मदत हवी आहे: ठिबकच्या मालाला दुकानात मागता येतील अशी नावं

शिवारकाठ: मामांच्या कृषी सेवा केंद्रातल्या मालाची यादी नव्याने करतोय. बिलावर 'इमिटिंग पाइप' आणि पुढे कोड असतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'सोळाची ठिबक द्या.' सोळाचीच पाच-सहा प्रकारची बंडलं पडलीत. नावं कशी ठेवू?

बांधावरचा: एमएम लिहा की झालं. बाराची, सोळाची, विसाची. शेतकऱ्याला तेवढं कळतं.

पाटकरी: तेवढ्याने भागत नाही, भाऊ. आधी साधी नळी की इनलाइन ते हवं. साधी नळी डाळिंब-आंब्याला, ड्रिपर वरून टोचायचे. इनलाइनमध्ये ड्रिपर आतच असतो, ती ऊस-भाजीपाल्याला. पुढे अंतर फुटात सांगा: ३० सेंमी म्हणजे फुटी, ४० म्हणजे सव्वा फुटी, ६० म्हणजे दोन फुटी. लोक तसंच मागतात. शेवटी लिटर. म्हणजे 'सोळाची इनलाइन, सव्वा फुटी, दोन लिटर'.

लिटर गाळू नका. १०० मीटरच्या सरीत ४० सेंमीवर २५० ड्रिपर बसतात. दोन लिटरची असेल तर तासाला ५०० लिटर, चारची असेल तर १०००. सोळाच्या नळीला एवढ्या लांबीवर चारची झेपत नाही, शेवटची रोपं उपाशी राहतात. शंका असेल तर सरीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली तांब्या ठेवून बघा.

कांदेवाली: माझ्या कांद्याला रेनपाइप आहे, ती कितीची म्हणायची? आणि अनुदान मिळतं का?

पाटकरी: ताई, रेनपाइप ठिबकमध्ये धरू नका, तिचा वेगळा खण करा. अनुदानाचं तालुका कृषी कार्यालयात विचारा.

शिवारकाठ: आणि पीव्हीसी? सगळे 'दोन इंची' म्हणतात.

पाटकरी: तिथंच गोची आहे. शेतीची दोन इंची म्हणजे ६३ एमएम, तेही बाहेरून मोजलेलं. घरच्या प्लंबिंगची दोन इंची बाहेरून साधारण ६० भरते. त्यामुळे तिचा एल्बो किंवा कपलर ६३ वर चढतच नाही. 'त्रेसष्टची, शेतीची दोन इंची' असं पूर्ण लिहा. ७५ ला लोक अडीच इंची म्हणतात.

बांधावरचा: हे मान्य. आमच्याकडे माणूस एल्बो परत घेऊन येतो आणि दुकानदाराशी भांडतो.

शिवारकाठ: मग जॉइनरचं काय? एका कंपनीचा सोळाचा जॉइनर दुसऱ्या कंपनीच्या सोळाच्या नळीत ढिला बसतो.

पाटकरी: जॉइनर नळीच्या आत जातो, आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या नळ्यांची जाडी वेगळी असते. मी गिऱ्हाइकाला नळीचा वीतभर तुकडा आणायला सांगतो. यादीत काय लिहावं ते मलाही जमलेलं नाही. कुणी जाडीचा शब्द रूढ केला असेल तर सांगा.

बांधावरचा: आमच्याकडे 'पातळ सोळा' आणि 'जाड सोळा' म्हणतात. पण शेजारच्या गावातली जाड आमच्याकडे पातळ ठरते.