मदत हवी आहे: ९ x ६.५ फुटी स्वयंपाकघर, सिंक-गॅस-फ्रिज कुठे ठेवू?

नागपूरला जुन्या फ्लॅटचा ओटा नव्याने करायचा आहे. दार आणि खिडकी समोरासमोरच्या छोट्या भिंतींवर. दार उजव्या कोपऱ्यात. सांडपाण्याचा पाइप खिडकीखाली. ओटा एल आकाराचा, २ फूट खोल. सध्या गॅस कोपऱ्यात, सिंक ९ इंचांवर, त्यामुळे कढईत पाणी उडतं. फ्रिज हॉलमध्ये आहे, तो आत घ्यायचाय.

ऑरेंजसिटी_७
गॅस खिडकीखाली घ्या, धूर थेट बाहेर. आणि सिंक-गॅस-फ्रिज यांच्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू ४ फुटांच्या वर हवीच.

ओटेवाला
४ फुटांचा नियम मोठ्या किचनसाठी ठीक, इथे अडून बसू नका. गॅस मात्र खिडकीखाली नकोच. वाऱ्याने ज्योत कलते, बारीक गॅस विझतो. उन्हाळ्यात हॉलच्या कूलरचा झोत येतो तो वेगळाच.

सिंक खिडकीखालीच ठेवा, फक्त उजवीकडे सरकवा. २ फुटी सिंक आणि उजव्या भिंतीत ९ इंच सोडा, धुतलेली भांडी तिथे निथळतील. डावीकडे कोपऱ्यापर्यंत पावणेदोन फूट ओटा उरतो. आता शेगडी डाव्या लांब भिंतीवर, तिचा मध्य खिडकीच्या भिंतीपासून ४ फुटांवर. सिंक आणि शेगडीच्या मध्ये समोरून मोजून अडीच फूट मिळतात. चिरणं, कणीक भिजवणं सगळं तिथेच, म्हणून मसाल्याचा डबा आणि सुऱ्याही तिथल्याच ड्रॉवरमध्ये. ओटा ७ फुटांवर संपवा, पुढच्या २ फुटांत फ्रिज. शेगडी आणि फ्रिजमध्ये पावणेदोन फूट राहतात. दूध, भाजी काढून ठेवायला जागा, आणि फ्रिजला शेगडीची धगही लागत नाही. तिन्ही बाजू मिळून साधारण १४ फूट होतात.

सिंक सरकवल्यावर वाढीव पाइपला फुटाला पाव इंच उतार द्या. कमी दिला तर खरकटं साचून वास येतो.

मानेवाडा_ताई
आमच्याकडे समोरासमोर दोन ओटे आहेत, मधे जेमतेम अडीच फूट. एक जण फ्रिज उघडतो तेव्हा दुसऱ्याला बाहेर जावं लागतं. काही करता येईल?

ओटेवाला
ताई, एक ओटा सव्वा फुटाचा करून त्यावर फक्त डबे ठेवा, सव्वातीन फूट वाट मिळेल. गॅस आणि सिंक दुसऱ्यावर.

धागाकर्ता
दादा, फ्रिजची मूठ डावीकडे, बिजागरी उजवीकडे. दार ओट्याच्या बाजूला उघडेल ना?

ओटेवाला
हो, हे माझ्याकडून सुटलं. उघडं दार ओटा आणि तुमच्यामध्ये येईल, दरवेळी वळसा. काही मॉडेल्सची बिजागरी बदलता येते, आधी मेकॅनिकला विचारा.

ऑरेंजसिटी_७
नाहीच बदलली तर फ्रिज समोरच्या भिंतीला?

ओटेवाला
मग दूध आणायला शेगडी सोडून पलीकडे जावं लागेल, शिवाय दाराची वाट अडेल. दाराची रुंदी किती ते कळवा, मग बोलू.