मदत हवी आहे: चौकशी आयोगाच्या अहवालाचा सारांश, उद्या सकाळपर्यंत

अर्धविराम
चौकशी आयोगाच्या अहवालाचा सारांश करायचा आहे. वृत्तसंपादकांनी चार भाग सांगितलेत: निष्कर्ष, कारणे, जबाबदारी, शिफारशी. पहिला खर्डा झाला, पण तो त्यांनी परत पाठवला. शेरा एवढाच की "कारणे आणि जबाबदारी यांची खिचडी झाली आहे". दोन्ही वेगळी कशी काढायची? सगळा अहवाल पुन्हा वाचायला वेळ नाही. जाणकारांनी लवकर सांगावे.

रानवारा
कोणता अहवाल, कोणत्या देशातला, किती शब्दांत, आणि छापायला की संपादकांच्या माहितीसाठी? यातलं काहीच लिहिलेलं नाही. निदान दुर्घटना कोणती ते तरी सांगा.

टाचणखुण
अहवाल पीडीएफ असेल तर आधी तो स्कॅन आहे का ते बघा. स्कॅन असेल तर ओसीआर करून घ्या, म्हणजे शब्द शोधता येतील. जुन्या छपाईत आकडे चुकीचे ओळखले जातात. ३ चा ८ होतो, म्हणून तारखा मूळ पानावरून ताडून पाहा.

अर्धविराम
ओसीआर झालेलं आहे, अडचण ती नाही. अहवाल वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा ढीग घसरला त्या दुर्घटनेचा, १९६७ चा. साठ वर्षांच्या निमित्ताने पान करायचं आहे. सारांश संपादकांसाठी, ५०० शब्द. त्यावरून बातमीदार लेख लिहिणार. माझा कारणांचा भाग असा होता: १. मुसळधार पाऊस. २. ढिगाखालचा झरा. ३. फोनची तार चोरीला गेल्याने इशारा देता आला नाही. ४. नगरपालिकेच्या पत्रांकडे खाण चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने दुर्लक्ष केले. ५. ढिगांबाबत धोरणच नव्हते. यात चूक काय?

शिलालेख
आता बोलता येईल. तुमच्या पाच ओळींत पाच वेगवेगळ्या जातींच्या गोष्टी एका रांगेत बसल्यात. संपादकांना खटकलं ते हेच.

तिसरी ओळ आधी घ्या, कारण ती छापली गेली तर दुरुस्ती द्यावी लागेल. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी ढिगावरच्या टोळीला माथा खचलेला दिसला. तार चोरीला गेली होती, म्हणून एकजण निरोप घेऊन चालत खाली गेला. हे सगळं अहवालात आहे. पण चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाने पुढे असंही ठरवलं की फोन चालू असता तरी इशाऱ्याने जीव वाचले नसते. म्हणजे चोरीची गोष्ट अहवालात आली ती तपासून बाजूला ठेवण्यासाठी. तुम्ही ती उचलून कारणांत टाकली. चौकशीच्या अहवालात पानंच्या पानं अशी असतात: एखादा पक्ष काय म्हणाला, कोणती शक्यता तपासली, कोणती फेटाळली. घाईत वाचणारा मुद्दा उचलतो आणि त्यावरचा निर्णय दोन पानं पुढे राहून जातो.

म्हणून प्रत्येक वाक्याचं क्रियापद पाहा. "साक्षीत सांगितले", "असा युक्तिवाद झाला", "शक्य आहे" आणि "आमचे मत झाले" या चार वेगळ्या वाक्यांतलं फक्त शेवटचं निष्कर्षात जातं. समोर परिच्छेद क्रमांक लिहा. क्रमांक सापडत नसेल तर तो निष्कर्ष तुमच्या डोक्यात तयार झालाय, अहवालात नाही.

रानवारा
बाकीच्या चार ओळी?

शिलालेख
कारणांची उतरंड लावा. तळाशी भौतिक कारण: मर्थर व्हेल खाणीचा टाकाऊ माल १९५८ पासून झऱ्यांच्या जागेवर रचला गेला. सात नंबरच्या ढिगाचा तळ पाण्याने भिजला, माल चिखलासारखा वाहू लागला आणि सकाळी सव्वानऊच्या सुमारास पँटग्लास शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं. पाऊस याच पायरीवर, झऱ्याच्या जोडीला येतो. त्याला पहिल्या क्रमांकावर स्वतंत्र बसवलंत तर वाचणाऱ्याला ही निसर्गाची आपत्ती वाटेल. झरे नकाशावर होते.

त्याच्या वरची पायरी म्हणजे हे घडू का दिलं गेलं. इथे तुमची चौथी ओळ येते, आणि ती पुरी पडत नाही, कारण पत्रं हा एकच इशारा नव्हता. त्याच डोंगरावरचा चार नंबरचा ढीग १९४४ मध्ये घसरला होता. सात नंबरचाच १९६३ मध्ये घसरला. नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागच्या धोक्याबद्दल लिहिलं तेही १९६३ मध्येच.

सगळ्यात वर तुमची पाचवी ओळ. ढिगांबाबत धोरणाचा पूर्ण अभाव हेच दुर्घटनेचं मूळ कारण, असं न्यायाधिकरणाने थेट म्हटलंय. तुम्ही ते यादीत शेवटी टाकलंत, तिथेच मजकूर उलटा झाला.

न्यायप्रविष्ट
एक मूलभूत गोष्ट सुटते आहे. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. त्याचे निष्कर्ष कोणावर बंधनकारक नसतात, तो कायदेशीर दायित्वावर बोलूच शकत नाही. त्यामुळे "जबाबदारी" या भागात कोणाचंही नाव न घेता "यंत्रणेतील त्रुटी" एवढंच लिहावं. अब्रुनुकसानीचा धोका नको.

शिलालेख
अर्धं बरोबर. बंधनकारक नसतात हे खरं. पण "बोलूच शकत नाही" हे सगळीकडे लागू नाही. ब्रिटनमध्ये ती स्पष्ट मनाई आली २००५ च्या चौकशी कायद्यात. ॲबरफॅनचं न्यायाधिकरण १९२१ च्या कायद्याखालचं, आणि भरपाई देण्याचं मंडळाचं कायदेशीर दायित्व निर्विवाद आहे, ते कोणी नाकारलेलंही नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. तुमच्या नियमाने हे वाक्यच गळेल. "यंत्रणेतील त्रुटी" लिहिलंत तर अहवाल जे ठामपणे म्हणतो तेच पुसलं जाईल. दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा. तो मुख्यालय, नैऋत्य विभागीय मंडळ आणि काही व्यक्ती यांच्यात कमी-अधिक प्रमाणात वाटलेला. "कमी-अधिक प्रमाणात" हे शब्द सारांशात राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळे सारखेच दोषी दिसतात.

न्यायप्रविष्ट
१९२१ च्या कायद्याचा मुद्दा मान्य. पण अहवालाने ठपका ठेवलेल्या मंडळाच्या नऊ कर्मचाऱ्यांची नावं? कोणावरही खटला झाला नाही. साठ वर्षांनी मराठी वर्तमानपत्राने ती नावं पुन्हा छापण्यात काय साधणार?

पानसुपारी
आमच्याकडे एका जुन्या चौकशी आयोगाच्या अहवालाचं काम सुरू आहे, त्यात सरकारने पुढे काय केलं ते सांगणारा कृती अहवाल सापडत नाही. आपल्याकडच्या १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत अहवाल आणि कृती अहवाल सभागृहात ठेवायला हवा ना? कोणाला माहीत आहे का कुठे मिळतो?

रानवारा
कलम ३(४), सहा महिने, बरोबर. सभागृहासमोर ठेवलेला असेल तर विधिमंडळाच्या ग्रंथालयात विचारा. पण धागा वेगळा काढा, इथे ब्रिटनचं चाललंय.

पानसुपारी
काढतो. पण मुद्दा इथेही लागू आहे. आयोगाची शिफारस आणि सरकारने ती स्वीकारली की नाही, या दोन गोष्टी सारांशात वेगळ्या हव्यात.

शिलालेख
हे अगदी खरं आणि अर्धविराम यांना लगेच लागणारं. शिफारशींत फक्त अहवालातल्या शिफारशी येतील: ढिगांना स्थापत्य अभियांत्रिकीची बांधकामं मानून तसंच हाताळा, मंत्र्यांना सल्ला देण्यासाठी ढीग-सुरक्षेची राष्ट्रीय समिती नेमा, गावावर उरलेल्या ढिगांकडे लवकर लक्ष द्या. १९६९ चा ढीग-सुरक्षेचा कायदा हा पुढचा इतिहास. तो "अहवालानंतर" अशा वेगळ्या ओळीत. एकत्र केलंत तर कायदा आयोगानेच केला असं वाचलं जातं.

टाचणखुण
"अहवालानंतर" मध्ये मदत निधीचं जरूर घ्या. उरलेले ढीग हलवायला मृतांच्या कुटुंबांसाठी जमलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत मिळाले, तेही व्याजाशिवाय. हे वाचून आजही संताप येतो.

रानवारा
संताप येतो खरा, पण हे ५०० शब्दांच्या अहवाल-सारांशात कसं बसणार? बातमीदाराला वेगळी टीप द्या.

टाचणखुण
एक ओळ बसते. त्याशिवाय सारांश अपुरा आहे.

अर्धविराम
वाद नंतर घाला, मला रात्रीत संपवायचं आहे. जबाबदारीचा भाग नव्याने असा लिहिलाय: "आयोगाने कोळसा मंडळाला दुर्घटनेस दोषी ठरवले असून, अधिकाऱ्यांनी धोक्याची पूर्ण कल्पना असताना गुन्हेगारी हलगर्जीपणा केला." आता बरोबर?

शिलालेख
नाही. दोन शब्द बदलायला हवेत, आणि एक अख्खी कल्पना.

"दोषी ठरवले" हे न्यायालयाच्या निकालाचं क्रियापद. इथे "ठपका ठेवला". "गुन्हेगारी" शब्द काढा, तसा निष्कर्ष अहवालात नाही.

आणि "धोक्याची पूर्ण कल्पना असताना" हे तर अहवालाच्या उलट आहे. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष लॉर्ड जस्टिस एडमंड डेव्हिस यांचं म्हणणं असं की ही दुष्टपणाची नव्हे, अज्ञानाची आणि अकार्यक्षमतेची कहाणी आहे. माणसं खलनायक नव्हती, ज्या कामासाठी नेमली त्याला ती लायक नव्हती, स्पष्ट इशारे त्यांनी ओळखले नाहीत आणि वरून दिशा देणारं कोणी नव्हतं. हे शब्द सौम्य दिसतात, पण ठपका यामुळे हलका होत नाही. उलट तो वर सरकतो. माणसांना धोका कळत होता असं लिहिलंत तर दोष दोन-चार अधिकाऱ्यांवर थांबतो. कळायला हवा होता आणि कळेल अशी व्यवस्था कोणी उभीच केली नव्हती, असं लिहिलंत तर तो मुख्यालयापर्यंत जातो. कारण आणि जबाबदारी यांतला तुमचा मूळ प्रश्न इथे सुटतो. "धोरण नव्हतं" हे कारण. "ते करणं कोणाचं काम होतं" ही जबाबदारी. दोन्ही भागांत एकच वाक्य येत असेल तर दुसऱ्यात कर्ता घाला.

रानवारा
एक पुरवणी. खाण निरीक्षकांकडून किंवा कायद्याकडूनही मंडळाला मार्गदर्शन नव्हतं, असंही अहवाल म्हणतो. ढिगांच्या सुरक्षेचा कायदाच नव्हता. हे गाळलं तर सारांश एकतर्फी होईल. पण जबाबदारीत घालू नका, कारण त्यासाठी कोणावर ठपका ठेवलेला नाही. जागा कारणांच्या भागात.

न्यायप्रविष्ट
आणि मंडळाच्या अध्यक्षांचं? लॉर्ड रोबेन्स आधी म्हणत होते की झरा माहीतच नव्हता, आणि चौकशी संपत आल्यावर साक्षीला येऊन चूक कबूल केली.

शिलालेख
ते निष्कर्षांत, एक वाक्य. मंडळाने सुरुवातीलाच कबुली दिली असती तर चौकशीचा बराच भाग लागला नसता, असा ताशेरा आहे. ७६ दिवस आणि १३६ साक्षीदार हे आकडे त्याच वाक्यात घ्या, सुटे ठेवले तर नुसती भर वाटते. मात्र हा चौकशीतल्या वागणुकीवरचा ताशेरा आहे, दुर्घटनेचं कारण नव्हे.

अर्धविराम
जमतंय. आता असं: "मंडळावर ठपका. तो मुख्यालय, विभागीय मंडळ व काही व्यक्तींमध्ये कमी-अधिक विभागलेला. हेतुपुरस्सर दुष्कृत्याचा निष्कर्ष नाही. इशारे न ओळखणे व वरून दिशा नसणे यावर बोट. भरपाईचे कायदेशीर दायित्व निर्विवाद." प्रत्येक वाक्यापुढे परिच्छेद क्रमांक घालतो. नऊजणांच्या नावांचं काय ठरलं?

न्यायप्रविष्ट
नावं नकोत. हुद्दे पुरेत.

शिलालेख
संपादकांच्या प्रतीत नावं असू द्या. अहवालाने ज्याचा दोष ज्या मापाने सांगितला, ते माप त्यांना दिसायला हवं. छापायची की नाही ते त्यांना ठरवू दे.

न्यायप्रविष्ट
अंतर्गत प्रतीतली नावं घाईत पानावर जातात. मी अजूनही नाहीच म्हणेन.

अर्धविराम
नावं वेगळ्या पानावर जोडतो, वर "छपाईसाठी नाही" असं लिहून. फोनची ओळ निष्कर्षांत घेतली आहे: "तार चोरीला गेली होती, मात्र फोनवरून इशारा मिळाला असता तरी जीव वाचले नसते, असे मत." त्याच्या परिच्छेदाचा क्रमांक शोधतोय.