दारूनंतरचे जुलाब: आयबीएसवाला आणि कोलायटिसवाला एकाच माळेचे मणी का?

पाटीपेन्सिल:
मला आयबीएस आहे, म्हणजे आतडं शाबूत पण हळवं; मेव्हण्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. बसलो की दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचीही संडासाकडे धावपळ. माझे डॉक्टर म्हणतात "बेतानं घ्या", त्याचे म्हणतात "जवळजवळ बंदच करा". माझं मत असं की जुलाब ते जुलाब. ज्यांना काहीच आजार नाही त्यांचंही बिअरनंतर पोट बिघडतंच की. मग कोलायटिसवाल्यांनाच एवढं का घाबरवतात?

तिरपा_डोळा:
दोष दारूचा नाही हो, बिअरचा आहे. मीही वर्षानुवर्षं सोमवारची सकाळ संडासात काढायचो. बिअर सोडली, व्हिस्कीवर आलो, विषय संपला. मेव्हण्यालाही ब्रँड नाही, प्रकार बदलायला सांगा. डॉक्टर लोक सरसकट बंदी घालून मोकळे होतात.

रात्रपाळी:
एंडोस्कोपीच्या खोलीत नोकरी आहे, त्यामुळे राहवलं नाही.

तिरपा_डोळा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बिअर आणि वाइन आंबवून तशाच प्यायल्या जातात. त्या जठरातलं आम्ल चांगलंच वाढवतात. व्हिस्की, जिनसारख्या गाळलेल्या दारूत हा गुण जवळजवळ दिसत नाही. शिवाय बिअर पोटात जाते तीच ग्लास भरभरून. पण हिशेबही करून बघा. 330 मिलीच्या पाच टक्के बिअरमध्ये साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं, 30 मिली व्हिस्कीत दहाच्या आसपास. चार बिअरवरून तीन पेगवर आला असाल तर 52 ग्रॅमवरून तुम्ही 30 वर उतरलात. पोट कशामुळे सुधारलं हे मग कोणी सांगायचं?

आता जुलाब. दारू बहुतेक सगळी जठरात आणि लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जाते. आतड्याच्या हालचाली दोन तऱ्हेच्या असतात, एक अन्न थोपवून घुसळते आणि दुसरी पुढे ढकलते. दारूने थोपवणारी मंदावते, ढकलणारी चालूच राहते. एरवी रोज दीडएक लिटर पाणी मोठ्या आतड्यात उतरतं आणि त्यातलं जवळपास सगळं तिथे शोषलं जातं. माल घाईने उतरला की शोषायला वेळच मिळत नाही, पातळ होतं. हे निरोगी माणसालाही होतं, इथवर पाटीपेन्सिल यांचं बरोबर आहे. ग्लासात दारूबरोबर काय ओतता तेही बघा. फळांचा रस, गोड कोल्ड्रिंक, साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेली पेयं, यांतली न शोषलेली साखर स्वतःच पाणी ओढून घेते.

आयबीएसमध्ये आतड्याचं अस्तर शाबूत असतं, पण नसा हळव्या झालेल्या असतात. तीच घाई, तोच गॅस इतरांना जाणवत नाही, तुम्हाला मुरडा येतो. आयबीएस असलेल्या बायकांच्या रोजच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात, एका दिवसात चार किंवा जास्त ड्रिंक झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा त्रास ठळक वाढलेला दिसला. बेताच्या पिण्यावर तसं फारसं दिसलं नाही. तुमच्या डॉक्टरांचं "बेतानं" इथून आलं असावं.

अक्षता_न_टाकणारी:
थोडं वेगळं विचारते. आमचे काका रोज घेतात, कित्येक वर्षं. शी तेलकट होते, पाण्यावर तरंगते, फ्लश केलं तरी चिकटून राहते. वजनही उतरलंय. आम्ही आयबीएसच समजत होतो. त्यांनी कोल्ड्रिंक बंद केलं तर फरक पडेल का?

रात्रपाळी:
नाही, ही गोष्टच निराळी. वर्षानुवर्षांच्या दारूने स्वादुपिंड थकलं की चरबी पचत नाही आणि तुम्ही सांगताय तशी शी होते. वजन उतरणं आयबीएसमध्ये बसत नाही. त्यांना लवकर दाखवा. स्वादुपिंड नीट चालतंय का बघायला शीची इलास्टेज तपासणी सांगतील बहुधा. एक जपा, दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात. तेही डॉक्टरांना विचारूनच.

संशयात्मा:
आयबीएसचं मान्य. पण कोलायटिसचं काय? दारूने कोलायटिस भडकतो असं सगळे छातीठोकपणे सांगतात, पुरावा मागितला की गप्प. उलट एका प्रयोगात आजार शांत असलेल्यांना आठवडाभर रोज रेड वाइन दिली, तर शीतलं कॅलप्रोटेक्टिन म्हणजे सुजेचं माप चक्क उतरलं. वाढलं नाही, उतरलं. यावर काय म्हणणं आहे? माझ्या मते डॉक्टरांना दारूबद्दल नैतिक राग असतो, त्याला आजाराचं नाव मिळतं एवढंच.

सोनटक्का:
नैतिक राग वगैरे राहू द्या, माझं ऐका. मला कोलायटिस आहे, गुदाशय आणि त्याच्या वरचा थोडा भाग. मेसालामिन या सूज उतरवणाऱ्या औषधावर आजार छान शांत होता. एका रात्री मैत्रिणींबरोबर वाइन जरा जास्त झाली, रात्रीची गोळी राहिली. सकाळी डोकं फुटत होतं म्हणून आयब्युप्रोफेन घेतली, संध्याकाळी परत एक. पहिले दोन दिवस नुसतं पाण्यासारखं होत होतं, मीही म्हटलं दारूचंच आहे, उतरेल. तिसऱ्या रात्री झोपेतून उठून पळावं लागलं, आव आणि रक्त. कॅलप्रोटेक्टिन सहाशेच्या पुढे आलं. जंतुसंसर्ग आहे का तेही तपासलं, तो नव्हता. मेसालामिनचा एनिमा परत सुरू झाला, शांत व्हायला बरेच आठवडे गेले.

मी पुरावा-बिरावा बघत बसले नाही, वाइन सोडली.

संशयात्मा:
त्रास झाला त्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण तुमच्या हकिगतीत आरोपी तीन आहेत. वाइन, चुकलेली गोळी आणि आयब्युप्रोफेन. शिक्षा फक्त वाइनला झाली.

रात्रपाळी:
संशयात्मा यांचा हा मुद्दा मला पटतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या कुळातल्या पेनकिलरने कोलायटिस उफाळू शकतो म्हणून कोलायटिसवाल्यांना त्या शक्यतो टाळायला सांगतात. हँगओव्हरच्या सकाळी नेमकी तीच गोळी हाताशी असते. भरपूर पिऊन झाल्यावर पॅरासिटामॉल भरमसाट घेणंही यकृताला बरं नाही. तेव्हा पाणी प्या, झोपा, डोकं दुखू द्या जरा.

पण वाइनच्या प्रयोगाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्यात सगळे मिळून 21 जण होते, त्यातले काही निरोगी. मुदत एकच आठवडा. कॅलप्रोटेक्टिन उतरलं हे खरं. त्याच लोकांत आतड्याची गळती मात्र वाढली. कोलायटिसवाल्यांसाठी मला हीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दारू मोठ्या आतड्यात वरून वाहत येत नाही, रक्तातून पोचते. तिथले जिवाणू आणि अस्तराच्या पेशी तिचं असिटाल्डिहाइड हे विषारी रसायन करतात. ते निपटायची ताकद यकृतात भरपूर आहे, मोठ्या आतड्यात फार कमी. म्हणून ते तिथे साचतं आणि पेशींमधले सांधे सैल करतं. विटांमधला सिमेंट भुसभुशीत व्हावा तसं. निरोगी माणूस ते डागडुजी करून घेतो. कोलायटिसमध्ये भिंत आधीच कच्ची असते आणि पलीकडे रोगप्रतिकारक पेशी जिवाणूंवर दात धरून बसलेल्या असतात.

दुसरा अभ्यास 2004 सालचा, इंग्लंडमधला. आजार शांत असलेले कोलायटिसचे 191 रुग्ण वर्षभर पाहिले. निम्म्याहून किंचित जास्त जणांचा आजार उलटला. सगळ्यात जास्त दारू घेणाऱ्या एक तृतीयांश लोकांत ती शक्यता सगळ्यात कमी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. लाल मांसाचंही तसंच दिसलं. संशोधकांचा संशय गंधकावर होता. वाइन-बिअरमध्ये सल्फाइट असतात, आतड्यातले काही जिवाणू अशा गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि ते अस्तराला जाचतं.

संशयात्मा:
वर्षभर नुसतं पाहिलं, कोणाला दारू देऊन किंवा तोडून नाही. जास्त पिणारे मांसही जास्त खात असतील, गोळ्याही विसरत असतील. सोनटक्का यांच्यासारख्याच.

रात्रपाळी:
असतील. म्हणून मी "सिद्ध झालंय" असं कुठेही म्हटलेलं नाही.

तिरपा_डोळा:
गंधक वाइन-बिअरमध्ये म्हणताय. म्हणजे व्हिस्की बरी, हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

रात्रपाळी:
गंधकापुरती बरी असेलही. असिटाल्डिहाइड व्हिस्कीतूनही तेवढंच होतं.

पाटीपेन्सिल:
चर्चा भलतीकडेच वाढली, पण बरं झालं. आता कामाचं विचारतो. मेव्हणा दारू सोडणार नाही, मी त्याला ओळखतो. सकाळी जुलाब झाले तर ते नुसते दारूचे की आजार उफाळला, हे त्याने ओळखायचं कसं?

रात्रपाळी:
पहिल्या दिवशी नाही ओळखता येत, खरं सांगायचं तर. दारूचे जुलाब सकाळीच सुरू होतात आणि बहुतेकदा दिवसभरात, फार तर दुसऱ्या दिवशी ओसरतात. रक्त नसतं. झोपलेला माणूस जुलाबासाठी उठत नाही. याउलट रक्त, आव, रात्री उठून धावणं, जाऊन आलं तरी पुन्हा कळ येणं आणि काहीच न होणं, ताप, यांतलं काहीही दिसलं तर दारूवर ढकलू नका. तिसऱ्या दिवशीही पातळच असेल तर रक्ताची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. ते कॅलप्रोटेक्टिन सांगतील. 50 च्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, 250 च्या वर असेल तर आजार जागा झालाय असं धरून चालतात. मधल्या आकड्याला काही आठवड्यांनी परत तपासतात. पेनकिलर घेतली असेल तर तेही सांगायचं, तिनेही हा आकडा वाढतो.

घोळ इथे आहे की कोलायटिस शांत असलेल्या बऱ्याच जणांना आयबीएससारखाच त्रास वर असतो. आतडं भरून आलेलं, पण नसा हळव्या. अशांना दारूनंतर तुमच्यासारखेच जुलाब होतात आणि कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल येतं. मेव्हणा त्यांतला असेल तर तुमचं मूळ मत त्याच्यापुरतं खरंही ठरेल. पण ते तपासणीनंतर.

सोनटक्का:
आणि रात्रीची गोळी बसायच्या आधीच घ्यायला सांगा त्याला. नंतर आठवत नाही.

संशयात्मा:
गोळीला आणि पेनकिलर टाळण्याला माझं पूर्ण अनुमोदन. दारूबद्दल मात्र "शक्यता" म्हणा, "बंद करा" म्हणू नका.

सोनटक्का:
तुमच्या आतड्यात कोलायटिस आहे का हो?

संशयात्मा:
नाही.