मदत हवी आहे: नानांनी आईच्या नावे ठेव केली, व्याजावरचा कर कोणी भरायचा?

पालशेतकर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला, हार्डवेअरचं दुकान आहे. प्रश्न आमच्या नानांचा आहे.

नाना 61 वर्षांचे, निवृत्त. पेन्शन महिना 65,000. निवृत्तीचे आलेले पैसे बँकेत आणि पोस्टात आहेत, त्यांचं वर्षाचं व्याज 4,20,000 होतं. आई 57 वर्षांची, घरीच असते, तिचं स्वतःचं उत्पन्न काही नाही. एप्रिल 2025 च्या सुरुवातीला नानांनी आईला 15 लाखांचा चेक दिला आणि तिच्या नावे 7 टक्क्यांनी ठेव केली. दर तीन महिन्यांनी 26,250 तिच्या बचत खात्यात जमा होतात. बँकेतल्या माणसाने तिच्याकडून फॉर्म 15G भरून घेतला, त्यामुळे टीडीएस कापला गेला नाही.

नानांचा हिशोब असा की 12 लाखांपर्यंत कर नाही, आपण त्याच्या आत बसतो, आणि आईचं व्याज तिचं तिला. आता शेजारचे काका म्हणतात की बायकोच्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. नाना त्यांच्यावरच उखडले, "पैसे मी दिले, गिफ्ट आहे, गिफ्टला कर नाही!" कोण बरोबर?

आणखी एक. नानांनी नातवाच्या, म्हणजे माझ्या 7 वर्षांच्या मुलाच्या नावेही 3 लाख ठेवलेत. त्याचंही व्याज नानांनाच लागणार का?

सड्यावरचा_वारा

नाना बरोबर आहेत. नवरा-बायकोतल्या गिफ्टला कर नाही, रक्कम कितीही असो. 50,000 ची मर्यादा फक्त परक्यांसाठी. उगाच काकांचं ऐकून डोकं पिकवू नका.

कोकमसरबत

वरचं उत्तर अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गोम आहे. मी चिपळूणला कर सल्लागाराकडे सोळा वर्षं काम करते, हा प्रश्न दर जुलैला टेबलावर येतो.

आईंना 15 लाख मिळाले त्यावर त्यांना कर नाही, हे खरं. पण पुढे त्या पैशातून जे उत्पन्न येतं त्याचा नियम वेगळा, कलम 64. नवऱ्याने बायकोला पुरेसा मोबदला न घेता काही दिलं, तर त्या वस्तूचं किंवा पैशाचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं. यालाच आम्ही क्लबिंग म्हणतो. म्हणजे 1,05,000 नानांच्या रिटर्नमध्ये जाणार. काका जिंकले.

फॉर्म 15G बद्दल स्पष्टच सांगते. त्या फॉर्मवर खालच्या घोषणेत छापलेलं असतं की हे उत्पन्न कलम 60 ते 64 खाली दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात मिळवलं जाणारं नाही. आईंनी न वाचता सही केली, बँकेतही कोणी विचारलं नाही. या ठेवीसाठी तो फॉर्म द्यायलाच नको होता. पुढच्या वर्षी देऊ नका.

सड्यावरचा_वारा

बरं, मग कर किती ते तरी सांगा. मी काढतो. पेन्शन 7,80,000, त्यातून प्रमाणित वजावट 75,000 गेली की 7,05,000. व्याज 4,20,000 मिळवलं की 11,25,000. आईचे 1,05,000 धरले की 12,30,000. आता 12 लाख ओलांडले म्हणजे सवलत गेली. 4 ते 8 लाखांवर 20,000, 8 ते 12 वर 40,000, वरच्या 30,000 वर 4,500. एकूण 64,500 आणि 4 टक्के उपकर, म्हणजे 67,080. एक लाखाच्या व्याजासाठी 67,000 भरायचे? हे कसलं गणित?

कोकमसरबत

बेरीज चोख, पण शेवटची पायरी राहिली. 12 लाखांच्या जरा वर गेलेल्यांसाठी सवलत आहे: जितकं उत्पन्न 12 लाखांच्या वर, त्याहून जास्त कर घेत नाहीत. नाना 30,000 ने वर आहेत, म्हणून कर 30,000 आणि त्यावर उपकर 1,200. एकूण 31,200.

आईंचं व्याज नानांच्यात धरलं नसतं तर नानांचा कर शून्य होता. 15 लाख आईंच्या नावे करून हातात काही आलं नाही, उलट नाना आपण सीमेच्या आत आहोत असं समजत बसले. 31 मार्च 2026 ला संपलेल्या वर्षाचा हा हिशोब आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत, पण क्लबिंगचा गाभा तोच आहे.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की नाना 60 च्या वरचे आहेत आणि धंद्याचं उत्पन्न नाही, त्यामुळे आगाऊ कर भरायचं बंधन त्यांना नाही. रिटर्न भरताना एकदम 31,200 भरले तरी चालतील.

देवगडचो_भाऊ

माका एक सांगा, मी बायलेच्या नावार कलमांची बाग केलंय. आंब्याचे पैसे तिच्याच खात्यात येतत. आता ते पण माझ्यात धरूचे?

कोकमसरबत

भाऊ, तुमचा मामला वेगळा. बागेतल्या आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर थेट कर नाही. पण बाग तुम्ही दिलेली असेल तर ते उत्पन्न तुमच्या खात्यात शेतीचं म्हणूनच धरलं जातं, आणि तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना मोजलं जातं. कॅनिंग करून पल्प विकत असाल तर परत वेगळं. नवा धागा काढा, इथे पालशेतकरांचं राहून जाईल.

पालशेतकर

कोकमसरबत ताई, धन्यवाद. नाना वाचून गप्प झालेत, म्हणजे पटलंय. आता नातवाचं सांगा. आणि आईने व्याजाचे पैसे दुसऱ्या ठेवीत टाकले तर तेही नानांनाच का? पहिल्या दोन हप्त्यांचे तिने घरात खर्च केले, बाकीचे खात्यात पडून आहेत.

कोकमसरबत

हा चांगला प्रश्न. नानांनी दिलेल्या 15 लाखांचं व्याज नानांचं. पण ते व्याज आईंच्या हातात आल्यावर त्यांनी पुन्हा गुंतवलं, तर त्यावरचं उत्पन्न आईंचं. समजा दोन-चार वर्षं साठवून त्यांनी एक लाखाची वेगळी ठेव केली, 7 टक्क्यांनी 7,000 आले, तर ते 7,000 आईंच्या नावावर. मूळ 15 लाखांचं व्याज मात्र तसंच नानांकडे चालू राहतं, ठेव मोडून सोनं घेतलं किंवा म्युच्युअल फंडात टाकले तरी.

म्हणून दोन्ही पैसे वेगळे ठेवा. ठेव नूतनीकरणाला व्याज मुद्दलात मिसळलंत की मूळ किती, व्याजावरचं किती हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे एक आजोबा यायचे, 11 वर्षांच्या ठेवी मिसळलेल्या. तो हिशोब मी अजून विसरले नाही.

नातवाच्या बाबतीत तुम्हालाच धक्का आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न देणाऱ्या आजोबांत नाही, आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. 3 लाखांवर 7 टक्के धरले तर 21,000, ते तुमच्यात किंवा तुमच्या सौभाग्यवतींच्यात जाणार. आणि मुलाच्या बाबतीत व्याजावरचं व्याजही सुटत नाही, तो 18 वर्षांचा होईपर्यंत सगळंच. एकदा एका पालकाकडे गेलं की दरवर्षी मनाला येईल तसं बदलता येत नाही.

पालशेतकर

आमच्या सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, पगार माझ्या दुकानापेक्षा जास्त. म्हणजे सासऱ्याने नातवाला दिलं आणि कर सुनेला. हे तिला तुम्हीच सांगा, मी नाही.

सड्यावरचा_वारा

एक उपाय. नानांनी पैसे तुला द्यायचे, तू सज्ञान मुलगा, तुझं क्लबिंग नाही. मग तू आईला दे. सुटला प्रश्न.

कोकमसरबत

कायद्यात "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असे शब्द याच युक्तीसाठी आहेत. पैसा नाना, मुलगा, आई असा फिरवून त्याच आठवड्यात ठेव केली तर अधिकाऱ्याला बँक स्टेटमेंटवर एक नजर पुरते.

मुलाला खरंच द्यायचं असेल तर द्या, मात्र मग पैसे पालशेतकरांचे, त्यांनी दुकानात घालावेत. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलेल्याचं उत्पन्न बापाकडे परत येत नाही. पण बापाचा हात त्या पैशावरून सुटतो, हे नानांना आधी समजावा. म्हातारपणी 15 लाख कोणाच्या नावावर आहेत याला कराहून मोठा अर्थ असतो.

पालशेतकर

नानांना गुहागरच्या घराचा वरचा मजला आईच्या नावे करून पर्यटकांना भाड्याने द्यायचाय. बक्षीसपत्राला 200 रुपयांचा मुद्रांक लागतो ना?

कोकमसरबत

राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीस द्यायचं असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 आहे, बाकी उपकर आणि नोंदणीचं दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. पण कराला त्याचा उपयोग शून्य. बायकोला फुकट दिलेल्या घराचा मालक आयकरात नवराच मानतात, म्हणजे भाडं नानांचंच. नानांचं तर आधीच 12 लाखांवर गेलंय.

निवांत_कट्टा

मी नवीन आहे. बक्षीस न देता बायकोला बिनव्याजी उसने दिले तर? आमच्याकडे तसंच केलंय, साधा कागद आहे.

कोकमसरबत

खरं कर्ज असेल आणि वाजवी व्याज घेत असाल तर बायकोचं उत्पन्न बायकोचं, तुम्हाला मिळणारं व्याज तुमचं. बिनव्याजी आणि परतफेडीची तारीखच नाही, असा कागद असेल तर ते बक्षीसच आहे असं म्हणायला खात्याला जागा मिळते, आणि त्यावर वाद होतात. मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. दुसरे वकील वेगळं सांगतील.

पालशेतकर

आईची ठेव आज पुन्हा पाहिली. पावतीवर मुदत संपल्यावर "व्याजासह नूतनीकरण" लिहिलंय. उद्या शृंगारतळीला जाऊन ते बदलून घेतो, 15G देत नाही. टीडीएस आईच्या पॅनवर कापला जाईल, मग तो नानांना कसा मिळणार?

कोकमसरबत

आईंनी बँकेला लेखी कळवायचं की हे उत्पन्न नवऱ्याच्या रिटर्नमध्ये आहे, टीडीएस त्यांच्या पॅनवर दाखवा. शाखेत हे माहीत नसतं, म्हणून पोच घेऊन ठेवा. नाही ऐकलं तरी नानांच्या रिटर्नमध्ये दुसऱ्याच्या पॅनवरचा टीडीएस मागायचा रकाना असतो. त्यासाठी आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरा, आणि क्लबिंगच्या व्याजासाठी त्यात `Schedule SPI` नावाचा तक्ता आहे, तिथे आईंचं नाव, पॅन आणि 1,05,000.

पालशेतकर

आणि आईच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, तेच व्याज दिसत राहणार, तिला काही नोटीस आली तर?

सड्यावरचा_वारा

माझ्या वहिनीला असाच मेसेज आला होता, दादाने तिथे "दुसऱ्याच्या उत्पन्नात दाखवलं" असं उत्तर टाकलं. पुढे काही झालं नाही, अजून तरी.