बीएमआय नॉर्मल, मग पोट कशाला मोजायचं?

> उंची १६८ सेंमी, वजन ६४ किलो, बीएमआय २२.७. तरी डॉक्टर कंबर मोजा म्हणतात. कशासाठी?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, तो असा.

आपल्याकडे मांड्या-नितंबांच्या कातडीखाली चरबी साठवायची जागा लवकर भरते, असं मानतात. मग ती आतड्यांभोवती आणि यकृतात जाते. तिथून रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, एचडीएल हे 'चांगलं' कोलेस्टेरॉल घटतं, इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात आणि कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमीच्या आत हवी.

समजा तुमची कंबर ९४ भरली, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६, उपाशीपोटी साखर १०४ आणि बीपी १२६/८२. बीपी सोडून पाचांतल्या चार खुणा जुळल्या. तीन जुळल्या तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या खुणा एकत्र येणं. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर 'थोडंसंच वाढलंय' म्हणून सोडून दिला जातो, खरी गोम तिथेच आहे.

आणि पँटचा नंबर सांगू नका, ती पोटाखाली बसते! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडून मोजा. पोट आत न ओढता.