मदत हवी आहे: जनरेटिव्ह फिलने खांब काढला, पण त्याची कडा अजून दिसतेय

फोटोशॉपमध्ये एका फोटोतला संध्याकाळच्या आकाशासमोरचा विजेचा खांब काढलाय, पण त्याच्या जागी दोन्ही बाजूंना फिकट उभी रेघ राहिलीय. आधी सिलेक्शन अगदी खांबाला चिकटून केलं होतं, म्हणजे शार्पनिंगमुळे कडेला आलेली उजळ किनार बाहेरच राहिली आणि फिलने तीच खरी समजून पुढे जोडली. मग सिलेक्शन १२ पिक्सेलने वाढवून परत केलं, किनार गेली, पण वर कर्व्हज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवला की पट्टा अजून स्पष्ट दिसतो, कारण मूळ आकाशात ग्रेन आहे आणि भरलेला भाग गुळगुळीत आहे.

आता हाताने करतोय, फिल लेयरच्या मास्कची कडा मऊ ब्रशने पुसली, वर रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प, सॅम्पल 'करंट अँड बिलो', ओपॅसिटी २५ टक्के. पण आकाशाचा रंग वरून खाली बदलत जातो, त्यामुळे थोडं वरखाली सॅम्पल घेतलं तरी डाग पडतात. आडवं, त्याच उंचीवरून घेतलं तर बरं येतं, पण वेळ फार जातो.

अशा ठिकाणी आधी रंग सारखा करून ग्रेन शेवटी वेगळ्या लेयरवर टाकायचा का? आणि नॉइज मूळ ग्रेनशी जुळवताना थोडा ब्लर देता का कोणी?