मदत हवी आहे: पुण्याचे १२ लाख की मुंबईचे १५ लाख?

दोन्ही आकडे पीएफमधला कंपनीचा वाटा सोडून आहेत, पीएफ सारखाच. नव्या करप्रणालीत पुण्यात कर शून्य, मुंबईत वर्षाला ९७,५०० रुपये. म्हणजे महिन्याचे जादा २५,००० इथेच १६,८७५ वर आले.

कोथरूडच्या खोलीचं भाडं १६,०००, ठाण्यात २८,००० सांगतायत. हिंजवडीसाठी पेट्रोल अडीच हजार. तिकडे लोकलचा पास आणि शेअर रिक्षा मिळून तीन. शेवटी हातात जेमतेम ४,४०० जास्त! त्यातच एजंटची एक महिन्याची दलाली.

वर मुंबईच्या १५ लाखांत दीड लाख व्हेरिएबल आहे, तो वर्षअखेरीस. बाबा म्हणतात, मोठा आकडा घे. व्हेरिएबल हिशोबात धरावा का? ठाण्यात राहणाऱ्यांनो, माझं काही सुटलंय का?